मुलांसाठी दुरूद-ए-इब्राहीमीचं देवनागरी पान: काय ठेवू, काय गाळू?

शिक्षिका_जाफरनगर
सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. सुट्ट्यांमध्ये आमच्या मोहल्ल्यातली काही मुलं-मुली माझ्याकडे दुपारी दीनियात शिकायला येतात. जवळजवळ सगळी मराठी माध्यमाची. अरबी अक्षरं ओळखायला आत्ता कुठे लागलीत, पण देवनागरी धडाधड वाचतात. त्यांच्यासाठी दुरूद शरीफचं, म्हणजे हुजूर मुहम्मदांवर अल्लाहची कृपा मागायच्या दुआचं, एक पान तयार करून राहिले. माझं मत असं, की लहान मुलांना दहा दुरूद देण्यापेक्षा एकच द्यावं, नमाजात पढतो ते दुरूद-ए-इब्राहीमी, आणि ते कुठे कुठे पढायचं ते नीट समजवावं. मी असं लिहिलंय:

अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिंव्‌ व अला आलि मुहम्मदिन्‌ कमा सल्लैत अला इब्राहीम व अला आलि इब्राहीम इन्नक हमीदुम्‌ मजीद. अल्लाहुम्म बारिक अला मुहम्मदिंव्‌ व अला आलि मुहम्मदिन्‌ कमा बारक्त अला इब्राहीम व अला आलि इब्राहीम इन्नक हमीदुम्‌ मजीद.

खाली अर्थ: हे अल्लाह, मुहम्मदांवर आणि त्यांच्या घराण्यावर तुझी कृपा असू दे, जशी तू इब्राहीम आणि त्यांच्या घराण्यावर केलीस. तूच स्तुतीला योग्य, तूच थोर. मग तेच पुन्हा, कृपेच्या जागी बरकत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे लिखाण मुलं बरोबर वाचतील का? आणि कोणते प्रसंग पानावर घ्यावेत?

सदरचा_सलीम
आपा, छान काम. शुक्रवार टाकाच. जुम्म्याला असरनंतर ऐंशी वेळा पढलं की ऐंशी वर्षांचे गुनाह माफ, हे पहिल्या ओळीत ठळक टाका. आणि वुजूशिवाय दुरूद पढायचं नाही हेही लिहा, मुलं कशीही बसून म्हणतात.

विदर्भ_एक्सप्रेस
तायडे, मी ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला, लहानपणापासून जातो, आमच्या घरात बाबांचा फोटो आहे. चादर चढवल्यावर, मिठाईवर तिथले लोक जे पढतात तेच न हे दुरूद? आम्ही त्याला फातेहा-दुरूद म्हणतो. मिठाई कोणती न्यायची हेही मुलांना सांगा, आम्ही पेढे नेतो.

शिक्षिका_जाफरनगर
@विदर्भ_एक्सप्रेस दादा, तुम्ही म्हणता त्यात दुरूद असतं, पण ते सगळं म्हणजे दुरूद नाही. तिथे पढणारा आधी दुरूद पढतो, मग सूरे फातेहा आणि कुरआनच्या इतर सूरा, शेवटी पुन्हा दुरूद, आणि मग हात उचलून दुआ. दोन्ही नावं एका दमात घेतली जातात म्हणून ती एकच वाटतात. दुरूदला मिठाई लागत नाही, चालता चालता पढता येतं. पेढे आमच्या वर्गाला आणले तर मुलं नाही म्हणणार नाहीत :)

मोमिनपुऱ्याचे_चाचा
बेटा, मक्तबमध्ये मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून आधी तुझ्या पहिल्या प्रश्नावर बोलतो. लिखाण बरोबर आहे. पण मराठी मूल ते बरोबर वाचणार नाही.

मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' खाऊन टाकतो. 'घर' लिहितो, 'घर्‌' म्हणतो. तुझ्या पानावर 'इन्नक हमीदुम्‌' लिहिलंय, मूल म्हणेल 'इन्नक्‌ हमीदुम्‌'. 'सल्लैत अला'चं करेल 'सल्लैत्‌ अला'. 'इब्राहीम व अला'चं 'इब्राहीम्‌ व अला'. या सगळ्या ठिकाणी अरबीत शेवटचा अ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. हे टाळायला हिंदी पुस्तिकांमध्ये 'इन्नका', 'सल्लैता' असं छापतात. मग मूल तो आ लांबवतं, आणि तेही चुकीचं. अ हवा, पण आखूड.

मी काय करायचो ते सांगतो. ज्या अक्षरावर अ ऐकू यायला पाहिजे त्याच्याखाली लाल रेघ मारायची. मुलांना एवढंच सांगायचं, की लाल रेघेवर थांबायचं नाही, अक्षर पूर्ण बोलून पुढे जायचं. तुझ्या पानावर रेघा येतील त्या 'सल्लैत'च्या त खाली, 'बारक्त'च्या त खाली, 'इन्नक'च्या क खाली आणि प्रत्येक 'इब्राहीम'च्या म खाली. 'मजीद'च्या द खाली रेघ नको, कारण तिथे श्वास घ्यायला थांबतो आणि थांबल्यावर शेवटचा स्वर जातोच. तो एकच शब्द मराठीसारखा म्हणायचा.

चूक पकडायची असेल तर मुलाला 'इन्नक हमीदुम्‌ मजीद' एवढंच हळू म्हणायला लाव आणि डोळे मिटून ऐक. क आणि ह एकमेकांना चिकटून 'ख'सारखं ऐकू आलं, तर अ खाल्ला गेलाय.

बाकी प्रसंगांचं मगरिबनंतर लिहितो.

शिक्षिका_जाफरनगर
चाचा, ख वालं तर आमच्या वर्गात रोज ऐकू येतं! मला वाटायचं मुलं घाई करतात म्हणून होतं. लाल रेघा आजच मारते.

बुटीबोरीतला_दापोलीकर
मी कोकणातला, नोकरीसाठी नागपुरात. आम्ही शाफई. इथल्या मशिदीत सगळे हनफी, दोन्ही मजहबांत नमाजाचे बारीक नियम वेगळे, त्यामुळे एक गोष्ट मला नेहमी जाणवते. चार रकातच्या नमाजात दोन रकातनंतर बसतो, तेव्हा अत्तहिय्यातनंतर आम्ही नबींवर छोटं दुरूद पढतो, मग उठतो. इथे सगळे अत्तहिय्यात संपताच उभे राहतात. इमामसाहेब माझ्या आधी उठतात आणि माझं अर्धंच होतं. तुमच्या पानावर 'बसल्यावर दुरूद पढा' असं सरसकट लिहू नका, मुलं गोंधळतील.

सदरचा_सलीम
@दापोलीकर भाऊ, पहिल्या बैठकीत दुरूद पढलं तर नमाज तुटते न? आम्हाला तर तसंच सांगितलंय.

मोमिनपुऱ्याचे_चाचा
सलीम बेटा, तुटत नाही. हनफी मसला असा. चार रकातची फर्ज, समज जोहरची. दोन रकात झाल्या, बसलास, अत्तहिय्यात पढलीस. आता लगेच उठायचं असतं. भुलून दुरूद सुरू केलंस आणि 'अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद'पर्यंत पोचलास, तर तिसऱ्या रकातला उभं राहायला उशीर झाला. त्या उशिरापायी सजद-ए-सहव, म्हणजे भुलीच्या भरपाईचा सजदा, करावा लागतो. जिथे आठवलं तिथे थांबून उभा राहा, नमाज पुरी कर. शेवटच्या बैठकीत अत्तहिय्यात पढून उजवीकडे एक सलाम फिरव, दोन सजदे कर, पुन्हा अत्तहिय्यात पढ, मग दुरूद, दुआ आणि दोन्हीकडे सलाम. नमाज झाली. म्हणजे दुरूद पढण्यात चूक नाही, ते जिथे पढलं ती जागा चुकली.

जोहरच्या फर्जआधीच्या चार सुन्नतांनाही हाच नियम. मात्र असर आणि इशाच्या आधीच्या चार सुन्नतांमध्ये दोन रकातनंतरही दुरूद आणि दुआ पढून मग उठायचं, कारण त्या नफ्लसारख्या धरल्या जातात. हे मोठ्या माणसांनाही माहीत नसतं.

दापोलीकर म्हणतात ते त्यांच्या मजहबप्रमाणे बरोबरच आहे. शाफईंकडे पहिल्या बैठकीत नबींवर दुरूद सुन्नत आहे, आणि ते राहिलं तर तिकडे सजद-ए-सहव. म्हणजे जे केल्यावर आमच्याकडे सजदा, ते न केल्यावर त्यांच्याकडे! शेवटच्या बैठकीचं पाहिलं तर आमच्याकडे दुरूद सुन्नत, त्यांच्याकडे फर्ज, त्याशिवाय नमाजच होत नाही.

बुटीबोरीतला_दापोलीकर
अगदी बरोबर, चाचा. आणि आमच्याकडेही पहिल्या बैठकीत फक्त नबींवर, घराण्यासकट पूर्ण इब्राहीमी शेवटच्या बैठकीतच.

गोधनी_रिक्षा
मी ऑटो चालवतो. स्टेशनवर सवारीची वाट पाहताना, सिग्नलवर, दुरूद पढत असतो. वर सलीमभाऊनं लिहिलं की वुजू पाहिजे. दिवसभर वुजू कुठून राहणार? मग मी इतके दिवस पढून राहिलो ते वाया गेलं काय?

शिक्षिका_जाफरनगर
नाही भाऊ, वाया कसं जाईल! दुरूदला वुजूची अट नाही. वुजू असेल तर चांगलंच. नमाजाला वुजू लागतो, कुरआनला हात लावायला लागतो, पण जिक्र आणि दुरूद जिभेवर कधीही चालतं. शौचालयात तेवढं पढायचं नाही. पान मुलींसाठीही आहे म्हणून स्पष्ट लिहिते: महिन्याच्या दिवसांत नमाज नसते, तरी दुरूद पढता येतं. आमच्या घरातल्या मोठ्या बायका त्या दिवसांत नमाजाच्या वेळेला मुसल्ल्यावर बसून दुरूदच पढायच्या. सलीम भाऊ, राग मानू नका, पण वुजूची ओळ मी नाही घालणार.

सदरचा_सलीम
राग कसला आपा. आमच्या अब्बांनी वुजू करूनच पढायची सवय लावली, मी तोच नियम समजून बसलो. पण ऐंशीचं तरी बरोबर आहे न?

मोमिनपुऱ्याचे_चाचा
अब्बांनी लावलेली सवय अदबीची आहे, तू ती सोडू नको.

ऐंशीचं म्हणशील, तर शुक्रवारी दुरूद जास्त पढावं ही गोष्ट पक्की. औस बिन औस यांची रिवायत अबू दाऊद, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. तुमच्या दिवसांत जुमा श्रेष्ठ, त्या दिवशी माझ्यावर दुरूद जास्त पढा, तुमचं दुरूद माझ्यापुढे मांडलं जातं, असं त्यात आहे. तिथे आकडा नाही. ऐंशीची रिवायत वेगळी, तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, हदीसच्या जाणकारांनी कमजोर ठरवली आहे. काही बुजुर्ग ती पढतात आणि पढायला सांगतातही, त्यांना मी टोकणार नाही. पण मुलांच्या पानावर ठळक टाकायचं तर पक्कं तेच टाकावं. 'जो माझ्यावर एकदा दुरूद पढेल त्याच्यावर अल्लाह दहा वेळा रहमत करेल', ही अबू हुरैरा यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आकडाच हवा असेल तर हा घ्या.

सदरचा_सलीम
चाचा, मग खुतब्यात इमामसाहेब हुजूरांचं नाव घेतात तेव्हा? मी तर मोठ्यानं पढतो.

मोमिनपुऱ्याचे_चाचा
तेव्हा मनात. खुतबा चालू असताना बोलायचं नाही, म्हणून आपल्याकडे जीभ न हलवता मनातल्या मनात पढायला सांगतात. जुम्म्याची बाकी सगळी वेळ मोकळी आहे, तेव्हा हवं तितकं पढ.

लॉ_कॉलेज_चौक
मी मुस्लिम नाही, कायद्याचा विद्यार्थी आहे. पण अर्थ वाचून एक प्रश्न पडला, मनापासून विचारतो. आपण उपमा देतो तेव्हा ज्याची उपमा देतो ते मोठं असतं. 'जशी इब्राहीमांवर केलीस तशी मुहम्मदांवर कर' म्हटलं, तर इब्राहीम मोठे ठरतात. मुस्लिमांच्या दृष्टीनं तर मुहम्मद अखेरचे आणि श्रेष्ठ. मग हे शब्द कसे?

मोमिनपुऱ्याचे_चाचा
चांगला सवाल. जुन्या आलिमांनी यावर पुष्कळ लिहिलंय, आणि उत्तर एकच नाही. काही म्हणतात की इथे मोजमापाची तुलनाच नाही. एखाद्याला आपण म्हणतो, 'माझ्या भावाशी चांगला वागलास तसा माझ्याशीही वाग', त्यात भावापेक्षा कमी की जास्त हा हिशोब नसतो, तू आधी असं केलंयस एवढी आठवण असते. दुसरे म्हणतात की इब्राहीमांच्या घराण्यात त्यांच्या वंशातले सगळे नबी येतात, आणि खुद्द मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम इस्माईल यांच्याकडून त्याच वंशातले. म्हणजे 'इब्राहीमांच्या घराण्यावर' म्हणताना त्यांचाही उल्लेख आलाच. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं.

आता कुरआनमधली एक जागा बघ. सूरे हूदमध्ये फरिश्ते इब्राहीमांच्या घरी येऊन इसहाकच्या जन्माची खुशखबर देतात. त्यांच्या वृद्ध पत्नीला नवल वाटतं. फरिश्ते म्हणतात, या घरच्या लोकांनो, तुमच्यावर अल्लाहची रहमत आणि त्याच्या बरकती आहेत, तो हमीद आहे, मजीद आहे. ही 73वी आयत. रहमत, बरकत, घराणं आणि शेवटी हमीद मजीद. दुरूद-ए-इब्राहीमीत याच चार गोष्टी आल्यात, पहिल्या वाक्यात रहमत, दुसऱ्यात बरकत, आणि घराणं व हमीद मजीद दोन्ही वाक्यांत. 'कमा सल्लैत अला इब्राहीम' म्हणताना मला नेहमी तो प्रसंग आठवतो.

लॉ_कॉलेज_चौक
हे माहीत नव्हतं. आभार चाचा. पहिल्या उत्तरावर माझं अजून पूर्ण समाधान नाही, पण हूदची आयत वाचतो.

कामठीची_सून
प्रसंगांचं कोणी बोलतच नाही! अजाननंतर, दुआच्या आधी, मशिदीत जाताना, नाव ऐकल्यावर, जनाज्यात. आणि मुलांना घरून निघताना. माझी मुलगी परीक्षेला जाताना दुरूद पढून जाते, पहिल्या नंबरनं येते.

शिक्षिका_जाफरनगर
मुलीला दुआ. मूळ प्रश्नावर आणलंत, बरं झालं. मला दुआ आणि अजान हे दोन घ्यायचे आहेत, बाकीचं चाचा सांगतील तसं.

मोमिनपुऱ्याचे_चाचा
मी चार म्हणेन. पहिला नमाजाची शेवटची बैठक. हे शब्द आलेतच त्यातून. काब बिन उज्रा सांगतात, सहाबांनी विचारलं, तुम्हाला सलाम कसा करायचा ते आम्हाला कळलं, दुरूद कसं पढायचं? तेव्हा हुजूरांनी हे शब्द शिकवले. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. सलाम त्यांना माहीत होता तो अत्तहिय्यातमधला. सूरे अहजाबच्या 56व्या आयतीत दुरूद आणि सलाम दोन्हींचा हुकूम आहे, आणि नमाजात दोन्ही पाठोपाठ येतात. मुलांना हा प्रसंग सांग, पाठ करताना कंटाळा कमी येईल.

दुसरा अजान. मुअज्जिन म्हणेल ते आपण म्हणायचं, अजान संपली की दुरूद, मग अजानची दुआ. हा क्रम मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. मुलं दुरूद सोडून थेट दुआवर उडी मारतात, तेवढं बघ.

तिसरा दुआ. फजाला बिन उबैद यांची रिवायत आहे. एक माणूस नमाजात दुआ मागत होता, ना अल्लाहची स्तुती केली ना दुरूद पढलं. हुजूर म्हणाले, यानं घाई केली. मग त्याला बोलावून सांगितलं, आधी रबची स्तुती कर, मग नबीवर दुरूद पढ, मग हवं ते माग. परीक्षेला जाणाऱ्या पोरीनं या क्रमानं मागितलं तर उत्तम. नंबर येवो न येवो.

चौथा जनाजा. मुलं मोठ्यांबरोबर उभी राहतात आणि गप्प असतात, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. चार तकबिरी. पहिलीनंतर सना, म्हणजे अल्लाहची स्तुती, दुसरीनंतर हेच दुरूद-ए-इब्राहीमी, तिसरीनंतर मय्यतीसाठी दुआ, चौथीनंतर सलाम. रुकू नाही, सजदा नाही. ज्याला नमाजातलं दुरूद येतं त्याला जनाज्याचा एक भाग आधीच येतो.

बुटीबोरीतला_दापोलीकर
आमच्याकडे पहिल्या तकबिरीनंतर फातेहा. दुसरीनंतर दुरूद, ते सारखंच.

ताजनगर_युवक
अजाननंतर म्हणता, अजानच्या आधी का नाही? आमच्या मशिदीत माइकवर आधी दुरूद-सलाम होतो. आणि जुम्म्यानंतर उभं राहून सलाम. हेही पानावर पाहिजे. जे हे करत नाहीत त्यांना मोहब्बतच नाही.

सदरचा_सलीम
भाऊ, आमच्या मशिदीत नाही करत. मोहब्बत नाही असं नका म्हणू.

मोमिनपुऱ्याचे_चाचा
यावर नागपूरच्या मशिदी वेगवेगळ्या आहेत आणि इथे लिहून एक होणार नाहीत. करणारे म्हणतात, आयतीत वेळेचं बंधन नाही, कधीही पढा. न करणारे म्हणतात, अजानचे शब्द ठरलेले, त्याला आधी काही जोडू नये. माझं स्वतःचं मत आहे, ते मी मशिदीत सांगतो, मुलांच्या पानात आणू नये म्हणतो. त्या वर्गात दोन्हीकडची मुलं बसतात.

ताजनगर_युवक
मला हे पूर्ण पटलं नाही चाचा. पण मोहब्बतीचं बोललो ते चुकलं, सलीमभाऊ.

गोधनी_रिक्षा
एक विचारू? माझ्यासारख्याला इब्राहीमी लांब पडतं, सिग्नल सुटतो. मी फक्त 'सल्लल्लाहु अलैहि वसल्लम' म्हणतो. चालते का?

मोमिनपुऱ्याचे_चाचा
चालतं बेटा. त्यात दुरूदही आहे आणि सलामही. नमाजाबाहेर छोटं पढलं तरी दुरूदच, आणि नाव कानावर पडलं की निदान एवढं तरी म्हणावंच. ज्याच्यासमोर माझं नाव निघालं आणि त्यानं दुरूद पढलं नाही तो कंजूस, अशी तिरमिजीमध्ये हदीस आहे.

कामठीची_सून
मग मराठी लेखांत 'सल्ल.' असं लिहितात ते?

शिक्षिका_जाफरनगर
पुष्कळ आलिमांना ते आवडत नाही, पूर्ण लिहा म्हणतात. आमच्या पानावर जागा आहे, मी पूर्ण लिहिणार. वर्तमानपत्रवाले जागेसाठी तोडतात, तरी वाचणाऱ्यानं पूर्ण म्हणावं.

तर आता पान असं करते. वर लाल रेघांसह दुरूद, खाली अर्थ, मग चाचांचे चार प्रसंग आणि शुक्रवार, आकड्याविना. 'नाव ऐकल्यावर'साठी छोटं दुरूद. वुजूची अट नाही, आणि मुलींसाठीची ओळ. चार रकातच्या पहिल्या बैठकीचं मात्र पानावर लिहू की तोंडी सांगू, हे अजून ठरत नाहीये. वर्गात दोन मुलं कोकणातून आलेल्या घरची आहेत.

बुटीबोरीतला_दापोलीकर
तोंडी सांगा ताई. त्या दोघांना फक्त एवढं म्हणा, घरी अम्मी-अब्बा पढतात तसं पढा, आणि जमातीत इमाम उठले की उठा.

मोमिनपुऱ्याचे_चाचा
माझंही तेच म्हणणं. आणि 'आलि मुहम्मदिन्‌ कमा'मधला न जरा नाकातून काढायला शिकव, पूर्ण न म्हणून थांबू नये. पान तयार झालं की इथे फोटो टाक, लाल रेघा बघून देतो.